दोन मित्रांची ओळख करून देताना नावापुढे काय जोडायचं

प्रश्न: "यंदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी माझा पुण्याचा मित्र आमच्या गावी येतोय, कुडाळजवळ. तो आयटीत आहे. गावातला माझा बालमित्र रिक्षा चालवतो आणि रोज आमच्या घरी असतो. गेल्या वर्षी दुसऱ्या एका मित्राची त्याच्याशी ओळख करून दिली, तर दोघं नमस्कार करून गप्पच. मी मध्ये नसलो तरी त्यांचं आपापसात जमावं म्हणून ओळख करून देताना नेमकं काय बोलू?"

वेंगुर्ल्याजवळ आमच्या राहत्या घरात गेली अठरा वर्षं पाहुणे उतरतात. खोल्या चार आहेत, पण जेवणाचं टेबल एकच. त्यामुळे रोज कुणाची तरी कुणाशी ओळख करून देणं हा माझ्या कामाचाच भाग झालाय. पाहुण्यांची पाहुण्यांशी आणि त्याहून जास्त वेळा पाहुण्यांची आमच्या वाडीतल्या माणसांशी.

मला वाटतं, ते दोघे गप्प बसले कारण नमस्कारानंतर काय बोलायचं ते कुणालाच सुचेना. "हा माझा कॉलेजातला, हा माझा शाळेतला" एवढंच सांगितलं की त्या दोघांत सामाईक काय उरतं? फक्त तुम्ही. मग ते तुमच्याबद्दल बोलतात नाहीतर तुमच्याशी बोलतात, आणि तुम्ही पाणी आणायला आत गेलात की बोलणं संपतं. म्हणून ओळख करून देणाऱ्यानं स्वतःला बाजूला काढून त्या जागी दुसरं काहीतरी ठेवायला हवं. ते काय असावं, हे मला चुकत चुकतच कळलं.

सुरुवातीला मी समान धंदा किंवा समान आवड शोधायची. एका मे महिन्यात आमच्याकडे रत्नागिरीचे एक आंबा बागायतदार मुक्कामाला होते आणि त्याच संध्याकाळी माझ्या नवऱ्याचे देवगडचे स्नेही आले, तेही बागायतदार. मी आनंदानं म्हटलं, "तुम्ही दोघंही हापूसवाले!" पाच मिनिटांत देवगडचा खरा की रत्नागिरीचा खरा यावर आले, आणि दहाव्या मिनिटाला दोघंही ताटाकडे बघून जेवत होते. चूक माझीच. मी त्यांना एकाच पाटीखाली उभं केलं होतं, आणि एका पाटीखाली दोघं आले की आधी बरोबरी सुरू होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र रत्नागिरीचे काका अंगणातल्या आमच्या आंब्याखाली उभे राहून म्हणाले, की यंदा मोहोरावर तुडतुडे इतके होते, की फवारणी करूनही अर्धा मोहोर काळा पडून गळला. देवगडच्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "कितवी फवारणी होती?" तिथून पुढे दीड तास मला कुणी हाक मारली नाही.

तेव्हापासून मी आवड विचारत नाही, अडचण विचारते. आवडीबद्दल दोन माणसं दोन वाक्यं बोलतात: "मलाही गाणी आवडतात," "अरे वा." अडचणीत मात्र तपशील असतो. कुठं बिघडलं, मग काय करून पाहिलं, कशानं फरक पडला. समोरच्याला विचारायला जागा मिळते आणि ज्याला विचारलं त्याला सांगायला काहीतरी असतं. अडचण मात्र छोटी आणि उघड बोलता येण्यासारखी हवी. आजारपण, कर्ज, न जमलेलं लग्न, गेलेली नोकरी ही ओळखीच्या वाक्यात कधीच येऊ द्यायची नाहीत, मग ती दोघांची अगदी एकसारखी का असेनात.

ती शोधायची कशी? दोघांना आधी वेगवेगळं गाठायचं. तुमचा मित्र कुडाळ स्टेशनवर उतरला, की घरी येईपर्यंतची वाट त्याला पुरेल. "काय नवीन?" असं विचारलं तर "काही नाही रे" येतं. मी विचारते, "सध्या कसली कटकट चाललीय?" किंवा "अलीकडे हातानं काय करायला शिकलास?" या दोन प्रश्नांना बहुतेक माणसं खरं उत्तर देतात. गावातल्या मित्रालाही तेच विचारा. मग दोन उत्तरं शेजारी ठेवायची आणि कुठं जुळतात ते बघायचं. जे सांगणार आहात ते सांगितलं तर चालेल ना, हेही तेव्हाच विचारून घ्यायचं. एकदा एका पाहुण्याच्या गुडघेदुखीबद्दल मी न विचारता बोलून गेले. त्यांनी हसून दाखवलं, पण परत जाईपर्यंत ते माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलले.

आता आपल्या भाषेतला एक पेच, ज्याकडे ओळख करून देणाऱ्याचं हमखास दुर्लक्ष होतं. दोघांनी एकमेकांना तू म्हणायचं की तुम्ही? हे ठरेपर्यंत मराठी माणसाचं वाक्यच पुढे सरकत नाही, कारण क्रियापदातच ते यावं लागतं. अडकलेली माणसं कशी बोलतात ते ऐका: "कधी येणं झालं?" "मुक्काम किती दिवस?" "जेवण झालं का?" कुठेही तू नाही, तुम्ही नाही. अशी तीन वाक्यं लागोपाठ कानावर आली, की मी समजते, यांचं तू-तुम्ही ठरलेलं नाही आणि म्हणूनच बोलणं आखडलंय. मालवणी माणूस समवयस्काला पहिल्याच वाक्यात तू म्हणतो, त्यात सलगी असते. शहरातून आलेल्याला ते कधी कधी टोचतं, आणि तो "तुम्ही" म्हणत राहिला की इकडच्याला वाटतं, हा अंतर ठेवतोय.

हा पेच फक्त मधला माणूस सोडवू शकतो, तेही पहिल्याच मिनिटात. दोघं एका वयाचे असतील तर मी सरळ म्हणते, "अहो-जाहो नको हां, तुम्ही एका वयाचे आहात." आणि मी स्वतः दोघांशी एकसारखं बोलते. पाहुण्याला "अहो" आणि वाडीतल्या दत्ताला "अरे" असं माझ्याकडून झालं, तर मीच एकाला ओट्यावर आणि दुसऱ्याला पायरीवर बसवल्यासारखं होतं. तुमच्या बाबतीत तुम्ही दोघांनाही तूच म्हणत असाल, त्यामुळे अर्धं काम झालेलंच आहे. ते त्यांच्यासमोर ऐकू येईल असं करा, म्हणजे झालं. वयात दहा-पंधरा वर्षांचं अंतर असेल तर मात्र मोठ्याला आधी सांगायचं: "तात्यानु, हो माझो मित्र." मोठा माणूस धाकट्याला तू म्हणणार आणि धाकटा "तुमी" म्हणणार. ते तसंच राहू द्यावं, त्यात कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

हे सगळं एका ओळखीत कसं बसलं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी गणपतीत माझ्या भाच्याचा एक मित्र पुण्याहून आला होता, त्याला इथे निखिल म्हणू. तबला शिकतो, सोबत तबला घेऊनच आलेला. सकाळी मी कटकट विचारली, तर म्हणाला, "मावशी, काल रात्री लावलेला तबला सकाळी उतरलेला असतो. हातोडी घेऊन बसण्यातच वेळ जातो." आमच्या वाडीतला दत्ता भजनात पखवाज वाजवतो. चतुर्थीत भजनं घरोघरी फिरतात, एका रात्रीत पाच-सहा घरं होतात, आणि बाहेर पाऊस कोसळत असतो. त्याला मी काही विचारायचीही गरज नव्हती, पावसात पखवाजाचं काय होतं ते तो दरवर्षी आमच्या पडवीत बसून सांगतो.

संध्याकाळी दत्ता आला तेव्हा मी एवढंच म्हटलं: "दत्ता, हा निखिल. भाच्याबरोबर पुण्याहून आलाय, तबला वाजवतो. इथल्या हवेत तबला चढा राहत नाही म्हणून सकाळपासून वैतागलाय. निखिल, हा दत्ता. वाडीच्या भजनात पखवाज ह्याच्याकडे असतो, आणि अशा पावसात रात्रभर वाजवतो. कसा टिकवतो ते ह्यालाच विचार. मी चहा टाकते." आणि खरंच आत गेले.

या वाक्यांत काय काय आहे ते बघा. दोघांची नावं, मला कोण कसा ओळखीचा ते अर्ध्या वाक्यात, एक अडचण, आणि कुणी कुणाला काय विचारायचं ते. विचारणारा पाहुणा आहे आणि सांगणारा गावचा. हे मी मुद्दाम केलं. दत्ता आपल्या जागेवर होता, पण शहरातल्या शिकलेल्या मुलासमोर तो आधी गप्प बसतो, हे मला ठाऊक होतं. पहिला मान त्याला मिळाला की तो मोकळा होतो. शिवाय उत्तर मी सांगितलं नाही. मला ते थोडंफार येत असूनही नाही. ओळख करून देणाऱ्यानं गोष्ट पूर्ण सांगितली तर त्या दोघांना करायला काही उरत नाही.

आतून मला ऐकू येत होतं. दत्ता म्हणाला, "पावसात कातडा ढिला पडताच." मग त्यानं सांगितलं, की पखवाजाच्या डाव्या पुडीला ते वाजवायच्या आधी ओली कणीक थापतात, पुरीएवढी, आणि आवाज हवा तसा येईपर्यंत ती कमी-जास्त करतात. काम झालं की खरवडून काढायची, नाहीतर ती सुकून पुडीलाच चिकटते. निखिलला हे नवीन होतं, कारण त्याच्या डग्ग्याला कायमची शाई असते. त्यानं विचारलं, "मग उजवीकडची पुडी? तिला तर शाई आहे." दत्तानं सांगितलं, गट्टे ठोकायचे, आणि घरी आलं की पखवाज कापडात गुंडाळून भिंतीपासून लांब, उंचावर ठेवायचा. जमिनीवर ठेवला की ओल धरतो. कुणीतरी वाद्य चुलीच्या उबेला ठेवतात असंही दत्ता म्हणाला, तर निखिल घाबरून म्हणाला, "तबला नको, शाई तडकेल." इथे बाजू उलटली. आता सांगणारा निखिल होता आणि विचारणारा दत्ता. ही उलटापालट व्हायलाच हवी. एकच माणूस सतत शिकवतोय आणि दुसरा मान डोलवतोय, असं पंधरा मिनिटं चाललं तर चहा घेऊन बाहेर जावं आणि दुसऱ्याला काहीतरी विचारावं.

जमलं हे मला कशावरून कळलं? चहा घेऊन गेले तेव्हा दोघांनीही माझ्याकडे न बघता कप उचलले. आणि दत्ता म्हणाला, "रात्री आपण जाऊया, बुवांच्या बाजूला बसशील." आपल्या भाषेत आम्ही आणि आपण हे वेगळे शब्द आहेत, आणि ओळख लागल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही. "आम्ही रात्री भजनाला जातो" म्हणजे माहिती, "आपण जाऊया" म्हणजे समोरचा आत आला. उलट उत्तर एकमेकांना द्यायचं असताना दोघंही तुमच्याकडे बघून बोलत असतील, तर तुम्ही अजून मध्येच आहात. तेव्हा उठून जावं. दहा मिनिटं पुरतात. मात्र मुलगा आणि मुलगी अशी ओळख असेल तर गावात मी उठून जात नाही, निदान पहिल्या दिवशी नाही. शेजारी कुणीतरी मोठं बसलेलं असलं की दोघंही मोकळेपणानं बोलतात.

इकडच्या अभिवादनाबद्दल तुमच्या पुण्याच्या मित्राला आधीच एक गोष्ट सांगून ठेवा. आपल्याकडे "कधी इलास?" याच्या मागोमाग "कधी जातलास?" येतंच. आपल्याला ते आपुलकीचं वाटतं, कारण विचारणारा मनात दिवस मोजत असतो, की याला जेवायला कधी बोलवायचं. बाहेरून आलेल्याला मात्र पहिल्याच भेटीत "कधी जाणार" ऐकून वाटतं, आपण नकोसे झालो. आमच्याकडे एका पाहुणीचा चेहरा असा पडलेला मी पाहिलाय. तेव्हापासून मी आधीच सांगते: हा प्रश्न आला की दिवस सांगायचा आणि पुढे जोडायचं, "तोवर काय काय बघून होईल?" समोरचा लगेच यादी द्यायला लागतो.

दुसरा प्रश्न "गाव खंयचा?" हा चांगला आहे, त्यातून कुणाची आत्या, कुणाची शाळा, कुणाचं देऊळ निघतं. पण त्याच्या मागून आडनाव येतं आणि आडनावाच्या मागून "म्हणजे तुम्ही कोण?" येतं. त्या वाटेनं ओळख नेऊ नका. मी पहिल्यांदा फक्त नाव सांगते. आडनाव ज्याचं त्यानं सांगावं, सांगावंसं वाटलं तर. आमच्याकडे मासे आणणारे चाचा आले की मी "सलाम चाचा" म्हणते आणि पाहुणे "नमस्कार" म्हणतात. दोन्ही चालतं, मी कुणाला दुरुस्त करत नाही. ओळख पुढे जाते ती त्यानंतरच्या "आज सुरमई नाही का?" या प्रश्नावर.

आणि कौतुक आवरा. "हा म्हणजे एक नंबर माणूस, हा म्हणजे मोठा इंजिनिअर" असं म्हटलं की आपला माणूस "नाय ओ, काय तरी आपला" म्हणून मान खाली घालतो, आणि दुसऱ्याला वाटतं आपणही काहीतरी मोठं सांगायला हवं. मी दत्ताबद्दल "रात्रभर वाजवतो" म्हटलं, "उत्तम वाजवतो" म्हटलं नाही. काय करतो ते सांगितलं की पुरे, कसा करतो ते दुसऱ्यानं बघावं.

आता तुमचे दोघे. आयटी आणि रिक्षा, वरवर पाहता काहीच जुळत नाही. पण मी तुमच्या जागी असते तर एक गोष्ट दोघांना विचारली असती: रात्री किती वाजता झोपतोस? कोकण रेल्वेच्या बऱ्याच गाड्या अपरात्री येतात, आणि तुमचा बालमित्र स्टेशनवर रिक्षा लावत असेल तर त्या गाड्यांसाठी तो जागा असणार. पुण्याच्या मित्राचं काम परदेशातल्या माणसांशी असेल तर त्याच्याही मीटिंगा रात्री उशिरापर्यंत चालत असणार. हे खरं निघालं तर ओळख अशी करून देता येईल: "बाबू, हा समीर. ह्याचं ऑफिस पुण्यात, पण काम अमेरिकेच्या घड्याळावर, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. समीर, हा बाबू, आम्ही एका बाकावर शिकलो. रात्रीच्या गाडीला स्टेशनवर रिक्षा लावून बसतो. पहाटे तीनला डोळे मिटायला लागले की हा काय करतो, ते विचार ह्याला." नावं तुमच्याकडची घाला. "कुणाची झोप जास्त मोडते" असं मात्र विचारू नका, ते हापूससारखं होईल.

हे खरं निघालं नाही तर ओढूनताणून जुळवू नका, दुसरी कटकट शोधा. आणि काहीच सापडलं नाही, तरी तुमचा मित्र चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचतोय हे तुमच्या पथ्यावर पडणार आहे, कारण त्या दिवशी गणपतीच्या वर टांगायची माटवी बांधायची असते. ओळख करून द्या आणि तेच काम दोघांच्या हाती द्या. ते एकट्याचं काम नाही. एकानं स्टुलावर चढून सुंभ बांधायचा, दुसऱ्यानं खालून कवंडाळं, नारळ, सुपारीचा घड, आंब्याचे टाळ एकेक करून वर द्यायचे. गावच्या मित्राला वर चढू द्या, कारण कुठे काय टांगायचं ते त्यालाच माहीत. पुण्याचा मित्र हातात कवंडाळ घेऊन विचारणारच, "हे काय आहे, खातात का?" दोघांचीही नजर माटवीकडे असते, त्यामुळे मध्ये पाच मिनिटं कुणी बोललं नाही तरी कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. तुम्ही तेवढ्यात बाजारात जाऊन या.